रिकामा दिवस खायला का उठतो? निवृत्तीनंतरचे पहिले आठवडे

दरवर्षी ३१ मेला महाराष्ट्रातल्या सरकारी कार्यालयांत शाल-श्रीफळांची रीघ लागते. कारण साधं आहे. आमच्या पिढीतल्या असंख्य लोकांची जन्मतारीख कागदोपत्री एक जून आहे. खरी तारीख घरात कुणाला ठाऊक नसायची, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मग मुलाला सहा वर्षं पूर्ण दिसावीत म्हणून गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. निवृत्तिवेतनाच्या नियमाप्रमाणे कर्मचारी ज्या महिन्यात ५८ वर्षांचा होतो, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. पण जन्म महिन्याच्या एक तारखेचा असेल, तर आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणून ३१ मे.

मीही त्यातलाच. तहसील कार्यालयात अव्वल कारकून होतो. माझ्या आदेशात लिहिलं होतं, 'नियत वयोमानानुसार दि. ३१ मे रोजी म.नं. सेवानिवृत्त'. म.नं. म्हणजे मध्यान्हानंतर. सकाळी मी भाऊसाहेब होतो. संध्याकाळी गळ्यात हार घालून, हातात नारळ घेऊन घरी आलो.

त्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत जे होतं, त्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. पेन्शनचं गणित सगळे समजावतात. दिवसाचं गणित कुणी समजावत नाही. आता वर्ष होत आलं. त्या दिवसांत माझं काय झालं आणि त्यामागे काय असतं, हे मला जसं कळलं तसं मांडतो. यंदा ३१ मेला घरी येणाऱ्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना त्याचा उपयोग होईल.

पहिले दहा दिवस फसवे असतात

सुरुवातीला बरं वाटतं. अर्जित रजा टाकल्यासारखं. रखडलेली कामं होतात, कुलदैवताला जाऊन येतो, भावाकडे चार दिवस राहतो. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट अॅचली यांनी १९७६ मध्ये निवृत्तीचे टप्पे मांडले होते. त्यांत आधी नवलाईचा काळ येतो आणि त्यानंतर बऱ्याच जणांना भ्रमनिरासाचा. नवलाई ओसरायला कुणाला महिने लागतात, कुणाला आठवडे.

मला दोन आठवडे लागले. रविवार गोड लागतो तो सोमवारामुळे, हे मला तेव्हा कळलं. रजेला शेवट असतो म्हणून ती रजा वाटते. पुढे हजर व्हायची तारीख नसेल, तर त्याच मोकळ्या वेळेची चव बदलते. त्यात मे महिन्यात निवृत्त होणाऱ्यांचं आणखी एक होतं. जूनच्या मध्याला आमच्याकडे शाळा उघडतात. गल्लीतून रिक्षा जाऊ लागतात, दप्तरं, रेनकोट, पावणेनऊची धांदल. सगळं गाव पुन्हा कामाला लागतं आणि आपण दारात उभे असतो.

एका मंगळवारची बारनिशी

कार्यालयात येणाऱ्या प्रत्येक टपालाची नोंद ज्या वहीत होते तिला बारनिशी म्हणतात. आयुष्यभर तीच सवय, म्हणून तिसऱ्या आठवड्यातल्या एका मंगळवारी मी माझ्याच दिवसाची बारनिशी लिहिली. ती अशी होती. पाचला जाग. साडेसहाला फिरून परत. साडेसातला चहा आणि पेपर, निविदा सूचनांसकट सगळा. पावणेनऊला अंघोळ, पूजा. नऊ दहाला शर्ट घालून तयार.

त्यापुढची नोंद होती साडेअकराची: 'जेवण'. भूक नव्हती, पण काहीतरी करायचं म्हणून जेवलो होतो. मधल्या दोन तास वीस मिनिटांत काय केलं, ते त्याच रात्री लिहायला बसलो तरी आठवेना. बारा ते अडीच झोप. चारला चहा. मग पुन्हा तसंच एक कोरं, थेट साडेसातच्या बातम्यांपर्यंत. रात्री एक वाजला तरी डोळा लागला नव्हता.

हे वाचून कुणी म्हणेल, आळस. मलाही तसंच वाटलं आणि लाज वाटली. पुढे मला ऑस्ट्रियातल्या एका गावाबद्दल वाचायला मिळालं, आणि ती लाज बरीच कमी झाली.

मारिएनथालची माणसं

व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचं गाव होतं. गावची कापडगिरणी मंदीत बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल या अभ्यासकांनी तिथल्या लोकांचं जगणं बारकाईने टिपलं आणि १९३३ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांनी लोकांना दिवसाचे तक्ते भरायला दिले होते. पुरुषांच्या तक्त्यांत तीन-चार ठळक नोंदी, म्हणजे उठणं, जेवणं, झोपणं, आणि मध्ये कोरं. एकाने सकाळच्या रकान्यात लिहिलं होतं, तेवढ्यात दुपार होते. माझ्या वहीतल्या नऊ दहा ते साडेअकराला याहून नेमके शब्द मला सापडले नसते.

त्याच गावातली दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. गिरणी चालू होती तेव्हा लोक वाचनालयातून पुस्तकं नेत. गिरणी बंद झाल्यावर वेळच वेळ होता, पुस्तकं फुकट मिळू लागली होती, तरी वाचन वाढलं नाही, उलट बरंच घटलं. वेळ वाढला आणि त्या वेळात होणाऱ्या गोष्टी कमी झाल्या. पुरुष रस्त्याने हळू चालत, मध्येच थांबत. बायका मात्र भराभर चालत, कारण चूल आणि मुलं यांनी त्यांचा दिवस बांधलेला होता.

बेकारी आणि निवृत्ती एक नव्हे. त्यांच्या घरात उपास होता, माझ्या खात्यात निवृत्तिवेतन आहे. म्हणून तुलना पोटापुरती करू नये. वेळेपुरती मात्र ती बरोबर बसते.

वेळेची चौकट म्हणजे काय

याहोदा यांनी पुढे यातून एक विचार मांडला. नोकरी पगार देते हे उघड आहे, पण न दिसणाऱ्या आणखी पाच गोष्टी देते: दिवसाला चौकट, घराबाहेरच्या माणसांची गाठभेट, चार जणांनी मिळून करायचं काम, समाजात एक ओळख आणि नेमाने हातपाय हलवायला लावणारी सक्ती. मी यांतल्या दोनच गोष्टींबद्दल लिहिणार आहे, चौकट आणि ओळख. माझं घोडं तिथेच अडलं होतं.

चौकट समजायला शेताचा बांध डोळ्यांपुढे आणा. पाऊस दोन्ही शेतांत सारखाच पडतो. बांध धड असेल तिथे पाणी थांबतं, मुरतं. बांध फुटला असेल तिथून वाहून जातं. पाणी कमी पडलं असं तिथे कुणी म्हणत नाही.

माझ्या दिवसाचे बांध दुसऱ्यांनी घातलेले होते. पाच दिवसांचा आठवडा झाल्यापासून कार्यालयाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा, म्हणजे साडेआठ तास. जाण्यायेण्याचा एकेक तास धरला तर साडेदहा. आठवड्याचे साडेबावन्न तास झाले. पण आकड्यापेक्षा त्याच्या आतले छोटे बांध मोठे होते. अकराचा चहा. टपाल येण्याची वेळ. साहेबांपुढे सह्यांना फाईल न्यायची वेळ. पाच वाजता गावाकडची शेवटची एसटी असलेल्या माणसाचं काम आधी करायचं, ही घाई. यातलं एकही मी ठरवलेलं नव्हतं, आणि प्रत्येक बांधापलीकडे कुणीतरी माझी वाट पाहत असे. नोकरी सुटल्यावर साडेबावन्न तास हाती आले ते बांधाशिवाय आले.

झोप का बिघडते

चौकट गेल्याचं पहिलं लक्षण मनात दिसत नाही, झोपेत दिसतं. जागेपणी मेंदूत अॅडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि जितकं साठेल तितकी झोप दाटून येते. सकाळपासून भरत आलेला हंडा रात्री ओतायचा, असं समजा. दुपारी अडीच तास झोपलो तर हंडा दुपारीच रिकामा होतो. रात्री अकराला तो पुरेसा भरलेलाच नसतो, मग डोळे टक्क उघडे. रात्रीच्या जागरणाने दुसऱ्या दिवशी दुपारी आणखी गाढ झोप लागते आणि चक्र पक्कं होतं.

दुसरं कारण उजेडाचं. शरीरातलं घड्याळ सकाळच्या उन्हाने आणि जेवणाच्या ठरावीक वेळांनी रोज लावलं जातं. जूनमध्ये ढग, त्यात घरात बसून राहणं, जेवण कधी साडेअकराला तर कधी दोनला. घड्याळ भरकटतं. मी दोनच गोष्टी बदलल्या. दुपारची डुलकी अर्ध्या तासावर आणली, गजर लावून. आणि रात्री झोप कितीही उशिरा लागली तरी उठायची वेळ पाच, ती हलवायची नाही. दहा-बारा दिवसांत झोप बरीच रुळावर आली. बाकीचं मन मात्र तेवढ्याने रुळावर येत नाही.

'बसा काका'

पहिल्या आठवड्यात मला कार्यालयातून रोज तीन-चार फोन येत. अमुक संचिका कुठल्या कपाटात, तमुक गावचा जुना फेरफार कुठे बांधलाय. मी घरबसल्या कपाटाचा कप्पा सांगत असे. तिसऱ्या आठवड्यात फोन थांबले. नव्या माणसाला कपाटं कळली होती. व्हायला हवं तसंच झालं होतं, तरी मी फोन हातात घेऊन रेंज आहे ना, ते पाहत असे.

त्याच सुमारास निवृत्तिवेतनाच्या एका कागदावर सही करायला कार्यालयात गेलो. माझ्या खुर्चीवर तिशीतला मुलगा होता. मनमिळाऊ, हुशार. पटकन उठला, दुसरी खुर्ची ओढली आणि म्हणाला, 'बसा काका, चहा सांगतो.'

काका. त्यात अपमानाचा लवलेश नव्हता, उलट माया होती. पण त्या जागेवर मला पंचवीस वर्षं एकच हाक येत होती, भाऊसाहेब. लांबच्या वाडीवरून आलेली म्हातारी असो की वकील, दिवसातून पन्नास वेळा तीच. माझं नाव त्या इमारतीत क्वचितच कुणी घेत असे. परत येताना बसमध्ये मी स्वतःलाच विचारत होतो की आता मला हाक मारायची तर काय म्हणून मारतील.

आपण कोण, याचं उत्तर बरंचसं दुसऱ्याच्या तोंडी असतं. कुणी आपल्याला कशासाठी शोधत येतो, त्यावरून आपण स्वतःला ओळखतो. पद गेलं की पगाराबरोबर ते शोधत येणं थांबतं. शिवाय अनेक वर्षांचं ज्ञान, कोणत्या नोंदीत काय चूक असते, कोणता कागद आधी मागायचा, हे सगळं शाबूत असतं, पण एका संध्याकाळीत त्याला गिऱ्हाईक उरत नाही.

हेलन रोझ एबॉ या समाजशास्त्रज्ञ आधी कॅथलिक नन होत्या आणि नंतर त्यांनी ते व्रत सोडलं. पुढे १९८८ मध्ये त्यांनी जुनी भूमिका सोडून 'माजी' झालेल्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचं म्हणणं असं की माणूस भूमिका सोडतो, पण भूमिका त्याला लगेच सोडत नाही. तिचा अंमल उरतो, आणि 'माजी' होणं ही स्वतंत्र शिकावी लागणारी भूमिका असते. आपल्याकडे पाटीवर 'सेवानिवृत्त अमुक' लिहितात, त्याला नावं ठेवू नयेत. तो माणूस जुनं नाव एकदम खाली ठेवू शकत नाही, हळूहळू ठेवतो आहे. मी दूध आणायला जाताना खिशाला निळं आणि लाल अशी दोन पेनं लावून जात होतो. बायकोने ते पाहिलं होतं. ती महिनाभर काही बोलली नाही, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

'छंद नव्हता म्हणून असं झालं'

हा सल्ला सगळ्यात आधी येतो. छंद असेल तर उत्तमच. पण मारिएनथालचं वाचनालय आठवा. पुस्तकाची आवड असलेल्यांचंही वाचन घटलं होतं. छंद हा पाण्यासारखा आहे, बांध नव्हे. मला पेटी वाजवता येते. जूनमध्ये मी ती तीनदा उघडली असेन. आज वाजवली काय नि उद्या वाजवली काय, कुणाचं काही अडत नव्हतं, म्हणून ती उद्यावर जात राहिली.

'पेन्शन मिळते, मग रडणं कसलं?'

हा प्रश्न विचारणाऱ्याचा राग येऊ नये. आपल्या देशात बहुसंख्य लोकांना निवृत्तिवेतन नाही, आणि मजूर हात चालतात तोवर राबतो. माझा शेतकरी भाऊ सत्तरीतही बांधावर असतो. त्याच्या काळज्या माझ्यापेक्षा मोठ्या आहेत, हे मी पुरतं जाणतो. पण पैशाची काळजी नसणं आणि दिवसाला आकार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक आहे म्हणून दुसरी आपोआप येत नाही. आणि माणूस लाजेने बोललाच नाही, तर घरच्यांना फक्त त्याची चिडचिड दिसते.

घरात ही चिडचिड बहुधा बायकोच्या वाट्याला येते. तिचा दिवस आधीपासून बांधलेला असतो. दहा ते बारा हा तिचा एकटीचा, शांत वेळ असतो. त्यात मी जाऊन भाजीची पिशवी अशी का ठेवली, गॅस मोठा का, असं विचारू लागलो होतो. पंचवीस वर्षांत मी तिचं दहा ते बाराचं घर पाहिलंच नव्हतं. एक दिवस तिने शांतपणे सांगितलं, 'या वेळात तुम्ही बाहेर असायला हवं.' मला ते लागलं. पण ती माझा बांधच मला दाखवत होती.

सगळ्यांनाच असं होतं का?

नाही. अमेरिकेत मो वांग यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बहुतेक निवृत्तांच्या मनःस्थितीत फारसा फरक पडलेला नव्हता. साधारण पाव लोकांत ती आधी घसरली आणि मग सावरली. थोड्यांना तर निवृत्तीने सुटकाच मिळाली. कष्टाची, जाचाची नोकरी असलेल्यांना बरं वाटणं अगदी समजण्यासारखं आहे. ज्यांची ओळख पदात जास्त गुंतलेली, ज्यांना निवृत्ती स्वतःच्या इच्छेने घेता आली नाही, ज्यांची घराबाहेर दुसरी माणसं नाहीत, त्यांना ती जड जाते.

इथे एक फरक ओळखता यायला हवा. माझं जे होतं ते तासांप्रमाणे बदलत असे. नऊ ते बारा वाईट, संध्याकाळी मित्र आला की बरं. पण सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न असेल किंवा कशातच गोडी वाटत नसेल, भूक-झोप गेली असेल, आपण निरुपयोगी आहोत असं सारखं वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्याला उपचार आहेत. डॉक्टरांकडे जावं. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजत बसू नये. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते, तिथे मराठीतून बोलता येतं.

मग बांध कसा घातला

मी ठरवून एक कसोटी लावली. ठरलेला वार, ठरलेली वेळ आणि पलीकडे वाट पाहणारं कुणीतरी, हे तिन्ही असेल तरच ते काम माझ्या उपयोगाचं. फिरायला जाणं या कसोटीत बसेना, कारण मी एकटाच जात होतो. शेजारच्या सरांना साडेपाचला त्यांच्या फाटकापाशी भेटायचं ठरवलं, मग बसलं. रोजचा दिवस भरून टाकायचा हट्ट केला नाही. आठवड्यात दोन-तीन खुंट्या पुरतात, बाकीचे दिवस त्यांना टांगून राहतात.

ओळखीचं कोडं यापेक्षा अवघड होतं. जुन्या कार्यालयात जाऊन बसणं मी कटाक्षाने टाळलं. तिथे नव्या माणसाला अवघड होतं, आणि लोक आपल्याला मध्यस्थ समजू लागतात. पण माझ्याकडे जे होतं त्याला गिऱ्हाईक हवं होतं. जुलैत मी गावच्या मारुती मंदिराच्या सभामंडपात सोमवारी आणि गुरुवारी दहा ते बारा बसू लागलो. महसुलाच्या कुठल्या कामाला कोणते कागद लागतात, एवढंच सांगायचं. पैसे घ्यायचे नाहीत, कुणाची फाईल हातात घ्यायची नाही.

पहिल्या सोमवारी कुणी आलं नाही. गुरुवारी दोघे आले, एक नुसते गप्पा मारायला. दुसऱ्या सोमवारी एक बाई आल्या. नवरा चार महिन्यांपूर्वी गेला होता, सातबारावर अजून त्याचंच नाव. वारस नोंद करायची होती आणि कुणीतरी त्यांना कोर्टात जावं लागेल म्हणून घाबरवलं होतं. मी पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलं. मृत्यूचा दाखला. सगळ्या वारसांची नावं, वयं, नाती असलेलं प्रतिज्ञापत्र, त्यात लग्न झालेल्या मुलीचं नाव गाळायचं नाही. सातबारा आणि आठ-अ. हे जोडून तलाठ्याकडे अर्ज करायचा. तलाठी फेरफार लिहील, नोटीस निघेल, हरकतीला पंधरा दिवस असतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतील.

त्यांनी कागद दोनदा वाचून घेतला. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, 'भाऊ, मुलीचं आधार कार्ड घेऊन येते. गुरुवारी असाल ना?'

असेन म्हणालो. बुधवारी रात्री पावसाने गल्लीत गुडघाभर पाणी साठलं होतं. गुरुवारी मी छत्री घेऊन पावणेदहाला निघालो, तर त्या माझ्याआधी येऊन सभामंडपाच्या पायरीवर बसल्या होत्या. प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद, मुलीचं आधार कार्ड सगळ्यात वर.